जुडीची गाठ

मला माणसाचा चेहरा लवकर आठवत नाही, हात आठवतात. चाळीस वर्षं भाजी विकली, त्याचा हा परिणाम. समोर गिऱ्हाईक उभं राहिलं की त्याचा हात कुठल्या जुडीकडे जातो, कुठली जुडी उचलून पुन्हा ठेवतो, पैसा काढताना कमरेशी किती वेळ घोटाळतो, हेच मी बघत आलो. तोंड काही का बोलेना. आता धारेला धाकट्या भावाच्या घरी आरामात राहतो, तरी भावजयीनं पानात भाजी वाढली की माझा हात आधी देठ चाचपतो. ती म्हणते, "भाऊजी, घरची आहे हो!" मी म्हणतो, "म्हणून काय झालं?"

या अंकाच्या संपादकांनी धंद्याविषयी लिहा म्हणून निरोप धाडला तेव्हा मला त्यांचाच संशय आला. भाजीवाल्याचं कोण वाचणार? पण त्यांनी दोनदा विचारलं, तेव्हा माझ्या धंद्यातला सगळ्यात मूर्खपणाचा आठवडा सांगून टाकतो. शतक लागून चार-पाच वर्षं झाली असतील तेव्हाची ही गोष्ट. जन्म माझा धारेचा, पण बसलो देवासला.

देवासचं ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी एवढं सांगतो की गाव एक आणि राज्यं दोन होती. थोरली पाती आणि धाकटी पाती. दोघांचे राजे वेगळे, कचेऱ्या वेगळ्या, शिपायांचे पट्टे वेगळे. बाजारातल्या एका रस्त्याची एक कड थोरल्या पातीची, दुसरी धाकटीची. माझा ओटा थोरल्या कडेला, कडुनिंबाखाली. समोर धाकट्या कडेला सगुणाबाईचा ओटा. मधे दहा पावलांचा रस्ता. पण माझी टोपली घेऊन ती दहा पावलं गेलो की तो परराज्याचा माल व्हायचा आणि त्यावर जकात पडायची. बाहेरच्या माणसाला हे सांगितलं की तो हसतो. आम्ही त्यात जन्म काढला, आम्हाला हसू येत नसे.

सगुणाबाई माझ्यापेक्षा दहा वर्षांनी मोठी. तिचा नवरा धाकट्या पातीच्या पागेत होता, तो घोड्याच्या लाथेनं गेला. पदरात दोन मुली, आणि उत्पन्न म्हणाल तर तो ओटा. माझ्या घरी आई आणि बायको. आमचंही सगळं त्या कडुनिंबाखालीच. ओट्याचा नियम दोन्ही कडांना सारखा होता. रोज बैठकीचा एक पैसा भरायचा. लागोपाठ तीन दिवस ओटा रिकामा राहिला की नाकेदार तो दुसऱ्याला देणार. आणि घेणारे टपलेलेच असत.

आता धंदा. मेथीपुरतंच सांगतो, म्हणजे समजायला सोपं. गावाबाहेर पुनाजी माळ्याचा विहिरीचा मळा होता. आम्ही दोघंही त्याच्याचकडून माल घ्यायचो, पण वेगवेगळ्या वेळी जायचो, बोलणं नको म्हणून. पुनाजी पैशाला चार जुड्या द्यायचा. मी चाळीस घ्यायचो, म्हणजे दहा पैसे. नाक्यावर टोपलीचा एक पैसा, बैठकीचा एक. ओट्यावर आलो की जुड्या सोडून पुन्हा नीट बांधायच्या, माती झाडायची, पिवळं पान काढायचं, पळसाच्या सालीची गाठ मारायची. मग पैशाला दोन या भावानं विकायच्या. चाळीसातल्या आठ तरी संध्याकाळपर्यंत माना टाकतात. त्या गेल्या म्हणून समजायचं. उरलेल्या बत्तिसांचे सोळा पैसे. बारा वजा केले की चार पैसे, म्हणजे एक आणा. तो माझा. मेथीचा एक आणा, वांग्यांचा एखादा, मुळ्या-मिरच्यांचं काही. यात घर चालायचं.

गिऱ्हाइकाला वाटतं, पैशाला चार घेतो आणि दोन विकतो म्हणजे दुप्पट कमावतो. त्या आठ मेलेल्या जुड्या त्याला दिसत नाहीत. खोटं कशाला सांगू, त्या आठवड्यात मलाही दिसल्या नाहीत.

झालं असं. दिवाळी होऊन थोडे दिवस झाले होते. एका कामदाराघरचा, म्हणजे दरबारी अंमलदाराघरचा, आचारी माझ्याकडे आला, जुडी हातात घेऊन म्हणाला, "भिया, सामने तो पैशाला तीन मिळतात."

आचारी लोक असं बोलतातच. मालकाला एक भाव सांगायचा आणि आमच्याशी दुसरा करायचा, मधलं त्यांचं. मी म्हटलं, "मग सामनेच घ्या." तो गेला. मी मात्र बघत राहिलो. सगुणाबाईनं पैसा घेतला, एक जुडी टाकली, दुसरी टाकली, आणि मग तिसरी टाकली.

तीन कशा परवडतात? पुनाजी मला चार देतो, तिला पाच देतो की काय? का धाकट्या पातीनं जकात माफ केली? बाई विधवा, नाकेदार तिच्या नवऱ्याच्या ओळखीचा, काय सांगावं! एका क्षणात मी तिच्या नावावर चार कारस्थानं रचली.

रस्ता ओलांडून विचारायचं होतं, एवढंच. पण आमच्या धंद्यात समोरच्याला भाव विचारायचा नसतो. विचारला की आपण घाबरलो हे त्याला कळतं. म्हणून मी विचारलं नाही. मी ओरडलो, "पैशाला तीन! मेथी पैशाला तीन!"

त्या दिवशी दुपारच्या आत टोपली रिकामी. दुसऱ्या दिवशी मी दोन टोपल्या आणल्या, बहात्तर जुड्या. त्याही संपल्या, एकही मेली नाही. मी छाती काढून घरी गेलो. बायकोनं चूल फुंकता फुंकता विचारलं, "किती आले?"

"चोवीस पैसे!"

"आणि गेले किती?"

पुनाजीला अठरा. दोन टोपल्या म्हणून नाक्यावर दोन. बैठक एक. उरले तीन.

"रोज चार उरायचे," ती म्हणाली. "आज दुप्पट ओझं वाहून तीन. शहाणे झालात."

मी तिच्यावर खेकसलो. तिला म्हटलं, गिऱ्हाईक तोडून आणलंय, चार दिवस जाऊ दे, समोरची उठली की भाव आपलाच. हे वाक्य मी अगदी सहज बोललो. समोरची उठली की. तिच्या दोन मुली मला रोज समोर दिसत होत्या, एक माती झाडणारी आणि एक पाणी शिंपडणारी, तरी बोललो. आज लिहिताना लाज वाटते.

समोरची उठली नाही. तिसऱ्या दिवशी तिनंही तीन केल्या. लगेच माझं तोडून आणलेलं गिऱ्हाईक परत तिकडे. माणसं तेवढीच, पोटं तेवढीच. मेथी स्वस्त झाली म्हणून कुणी दुप्पट जेवत नाही. मी पुन्हा चाळीसवर आलो, आठ पुन्हा मरायला लागल्या, आणि बत्तीस जुड्या तीनच्या भावानं विकून दहा-अकरा पैसे हातात. खर्च बारा. मग मी काय करावं? चार केल्या. तिनं चार केल्या. आता बत्तिसांचे आठच पैसे. पूर्वी रोज एक आणा यायचा, आता रोज एक आणा जायचा. तरी मला वाटायचं, तिचा जास्त जात असेल.

त्यात गिऱ्हाईक बिघडलं. पूर्वी सकाळी मोठ्या घरचे आचारी, दुपारी संसारी बायका आणि दिवे लागायच्या सुमाराला मजूर, अशी भाजी दिवसभर हळूहळू जायची. आता सगळे थांबायला लागले. सकाळी चार आहेत तर संध्याकाळी पाच होतील. उन्हात मेथी वाळायची आणि बायका सावलीत उभ्या राहून दोन्ही ओट्यांकडे बघायच्या. एक म्हातारी तर मला तोंडावर म्हणाली, "आज चार देतो म्हणजे इतके दिवस आम्हाला लुटत होतास की रे!"

मग मी जुडी बारीक केली. तिनंही केली असणार. मी मुळांची माती झाडेनासा झालो, जुडी भरल्यासारखी दिसायची. पाण्याचे हबके दुप्पट मारले, त्यानं आतून पानं काळी पडायला लागली. मी चांगला भाजीवाला होतो हो! माझ्या जुडीत कधी गवताची काडी सापडत नसे. चार दिवसांत मी माती विकायला लागलो.

पुनाजीकडे जाऊन म्हटलं, "पाच दे." तो मालवी माणूस, तोडून बोलला, "नी भिया. चार लेनी हो तो लो, नी तो रेवा दो." घ्यायची तर घे, नाही तर राहू दे. मला वाटलं, हाच तिला आतून पाच देतोय.

तेव्हा मला ती युक्ती सुचली. बाजारात कोंडाबाई नावाची एक म्हातारी पत्रावळी विकायची. दोन्ही कडांना फिरायची, तिला कुणी अडवत नसे. पाचव्या दिवशी सगुणाबाईनं पाच केल्या. पैशाला पाच! म्हणजे मळ्यापेक्षाही स्वस्त. मी कोंडाबाईला बाजूला घेतलं. म्हटलं, "सकाळीच तिच्याकडून तीस जुड्या घे. जेवणावळ आहे म्हणून सांग. पत्रावळींच्या गठ्ठ्याखाली घालून माझ्याकडे आण. दर दहांमागे एक जुडी तुझी."

हिशेब सरळ होता. तीस जुड्यांचे सहा पैसे. तिची टोपली सकाळीच संपली की दुपारनंतर बाजारात मेथी फक्त माझी. मग मी पुन्हा पैशाला तीन करणार, कोंडाबाईच्या तीन वजा जाता सत्तावीसांचे नऊ आणणार. वर मळ्यात जायला नको, नाक्यावर पैसा नको. मी स्वतःवर भलताच खूष झालो.

कोंडाबाईनं जुड्या आणल्या. दुपार झाली. मी समोर बघतो तर सगुणाबाईच्या टोपलीत मेथी आहेच! तीही अगदी भरपूर. ही बाई आणते कुठून? दुसरा मळा धरला का? दुसऱ्या दिवशी पुन्हा तीस घेतल्या, पुन्हा तेच. तिसऱ्या दिवशीही. मी मळ्यात जाणं सोडूनच दिलं. समोरून स्वस्त मिळत होतं ना! पण तिची टोपली रिकामी होईना. आणि तीही आता माझ्याकडे टक लावून बघायची, जसा मी तिच्याकडे. माझी टोपली का संपत नाही, असं.

त्या तिसऱ्या दिवशी दुपारी मी कोंडाबाईनं आणलेल्या जुड्या सोडत होतो. पानं पिवळी, देठ मऊ पडलेले. गाठीला हात लावला आणि थांबलो.

मी डावरा आहे. सालीची गाठ मी उलटी मारतो. दुसऱ्या कुणाची गाठ उजवीकडून सुटते, माझी डावीकडून. घरात बायको त्यावरून चिडायची. ती जुडी डावीकडून सुटली. दुसरी घेतली, तीही डावीकडून सुटली. तिसऱ्या जुडीला तर दोन गाठी होत्या, एक माझी, तिच्यावर एक सगुणाबाईची.

पहिला विचार आला तो चोरीचा. कोंडाबाईचा पदरच धरला. "माझ्याच टोपलीतून उचलतेस आणि मलाच विकतेस?"

म्हातारी काही घाबरली नाही. पदर सोडवून घेतला आणि म्हणाली, "तोंड सांभाळ भिया. चोरी नी केली मी. तू म्हणालास तिच्याकडून घे, जेवणावळ सांग. ती म्हणाली तुझ्याकडून घे, जेवणावळ सांग. मी दोघांचंही ऐकलं. तूच नाही का मला मोजून दिल्यास? पहिल्या दिवशी दोनदा आले-गेले. मग म्हटलं, पाय कशाला मोडू? इकडची तिकडे, तिकडची इकडे."

"आणि दहाला एक?"

"दोघांकडून," ती म्हणाली. "तीन दिवस मेथीच खातेय, कंटाळा आला."

त्या आठवड्यात गावात जेवणावळ कुठं होती, असा प्रश्न आम्हा दोघांपैकी एकालाही पडला नव्हता! जन्मभर संशय घेणारी माणसं आम्ही, पण घेतला तो एकमेकांचाच. तीन दिवस मी माझीच मेथी विकत घेत होतो, ती तिची. प्रत्येक फेरीत काही जुड्या मरत होत्या आणि काही कोंडाबाईच्या चुलीवर जात होत्या. तोट्यात विकायचं, तोच माल तोट्यात विकत घ्यायचा आणि पुन्हा तोट्यात विकायचा, असा आमचा व्यापार चालला होता.

दोन गाठींची ती जुडी घेऊन मी उठलो आणि रस्ता ओलांडला.

सगुणाबाईला वाटलं मी भांडायला आलो. तिनं शेराचं वजन हातात घेतलं. मोठी मुलगी आईच्या मागे झाली.

"सगुणाबाई, ही जुडी बघा."

तिनं जुडी हातात घेतली, दोन्ही गाठी बोटांनी चाचपल्या. भाजीवालीच ती, सांगावं लागलं नाही. वजन खाली ठेवलं.

मग म्हणाली, "थोरल्या पातीनं तुझी जकात माफ केली ना?"

"कुणी सांगितलं?"

"माफ नाही तर पैशाला तीन कुणाच्या जिवावर ओरडलास?"

"तुम्हीच आधी दिल्यात! त्या आचाऱ्याला. मी या डोळ्यांनी तिसरी जुडी बघितली."

ती आठवायला लागली. आणि मग तिचा चेहरा असा झाला की मला अजून बघवत नाही.

"अरे, ती गाईची होती," ती म्हणाली. "पिवळ्या पानांची. त्याच्या मालकाची गाय व्यालीय म्हणाला, म्हणून सगळा पाला गोळा करून बांधून दिला. आमच्याकडे पाला नालीत टाकत नाहीत, गाईला देतात. तू इकडे येऊन विचारायचं होतंस रे!"

"तुम्ही तरी कुठं विचारलंत?"

"विचारलं असतं तर तुला कळलं असतं ना, मी घाबरले म्हणून."

धाकटी मुलगी पाणी शिंपडायची थांबून आमच्याकडे बघत होती. तिच्या पायांत वाळे नव्हते. महिनाभरापूर्वी होते, चालली की वाजायचे, माझ्या ओट्यापर्यंत ऐकू यायचे. मी विचारलं नाही. विचारायची गरजही नव्हती, कारण माझ्या बायकोच्या हातातले चांदीचे गोठ त्याच आठवड्यात गेले होते. मी फक्त म्हटलं, "उद्यापासून दोन."

"दोन," ती म्हणाली.

इथंच संपलं असतं तर बरं होतं. दुसऱ्या दिवशी पहाटे मी पुनाजीच्या मळ्यात गेलो. सगुणाबाई माझ्या आधीच येऊन बांधावर उभी होती. मेथीचे वाफे मोडून टाकलेले, माती नव्यानं उकरलेली. पुनाजी मोटेवर होता. त्यानं आमच्याकडे बघितलंही नाही.

"तीन दिन कोई नी आयो," तो म्हणाला. "मेथी जून हुई गी. ढोरां के खिलई दी. अब अमल बोई दियो." अमल म्हणजे अफू. मेथी उपटून त्यानं तिथं अफू पेरली होती. अफूचा व्यापारी बांधावर येतो, भाव सांगतो, माल उचलतो. आमच्यासारखे दोन शहाणे त्याला परवडले नव्हते. त्याचा हात धरून मी गयावया केली. पण पेरलेलं कोण मोडणार?

म्हणजे भाव पुन्हा दोनवर आला होता आणि विकायला मेथी नव्हती. वांगी-मुळ्यांसाठी माझ्या गाठीला थोडं होतं. सगुणाबाईपाशी तेही नव्हतं. तोट्यात सगळं गेलं होतं. ओटा तीन दिवस रिकामा राहिला तर काय होईल हे दोघांनाही ठाऊक होतं, आणि एक माणूस रोज येऊन तिच्या ओट्याची लांबी पावलांनी मोजून जायचा.

मी माझी अर्धी टोपली भरून तिच्या ओट्यावर नेली. नाकेदारानं अडवलं. परराज्याचा माल. दहा पावलांची जकात मी मुकाट्यानं भरली. चार दिवस भरली. आयुष्यात जकात भरताना मनात शिवी आली नाही असे ते चारच दिवस. पाचव्या दिवसापासून आम्ही दोघं मिळून चार कोसांवरच्या एका मळ्यातून मेथी आणायला लागलो, एका बैलगाडीत, गाडीचं भाडं निम्मं-निम्मं.

गिऱ्हाईक मात्र लवकर सुधारलं नाही. "दोघं मिळालेत," अशी बाजारात कुजबुज. इतके दिवस पाच देत होते, आता दोन म्हणजे संगनमत. होळीपर्यंत माणसं आमची जुडी उलटीपालटी करून बघत, मुळांत माती आहे का म्हणून. बरोबरच होतं त्यांचं. ती माती आम्हीच विकली होती.

पुढं सगुणाबाई पंधरा वर्षं समोर बसली. मुलींची लग्नं झाली. मग गुडघे गेले आणि तिनं ओटा सोडला. तिच्या जागी एक नवा माणूस आला, तरुण, चलाख, फारसा न बोलणारा. ओटा सोडल्यावर काही दिवसांनी ती काठी टेकत माझ्याकडे आली, गिऱ्हाईक म्हणून. एक पैसा पुढं केला. मी दोन चांगल्या जुड्या दिल्या आणि पिवळ्या पाल्याची तिसरी बांधून तिच्या पिशवीत टाकली. तिच्या दारी गाय होती.

तिनं पिशवीत बघितलं, मग माझ्याकडे. "गणपतभिया, ही गाईची ना?"

"हो."

"मग मोठ्यानं सांग की."

मी मान वर केली. समोरचा नवा भाजीवाला हातातलं काम टाकून, मान लांब करून, माझ्या हातांकडे बघत होता. ओठ हलत होते. मोजत होता तो.

मी टोपलीवर फडकं टाकलं आणि रस्ता ओलांडला.